गोधडीचं पोट

"अहो, आतला वरवंटा आणा जरा. आणि ते टाळ पुसणं पुरे झालं आता, सोन्याचे होणार नाहीत ते."

अनुसयेनं पडवीतून हाक दिली तेव्हा मी टाळ मांडीवर घेऊन बसलो होतो. दोन्ही वाट्या जोडणारी दोरी मधोमध झिजून नुसत्या सुतावर आली होती, आणि गावात सप्ताह तोंडावर आलेला. ऐन गजरात दोरी तुटून वाटी उडाली आणि कीर्तनकाराच्या पागोट्यावर बसली, तर गावाला वर्षभर हसायला विषय.

मी वरवंटा घेऊन पडवीत गेलो. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिनं आपलं जुनं हिरवं लुगडं अंथरलं होतं. नऊवारीतून माणसाच्या लांबीचे दोन तुकडे काढून शेजारीशेजारी शिवून घेतलेले, उजळ बाजू जमिनीकडे. तीन कोपऱ्यांवर तीन धोंडे होते. चौथ्यावर तिनं वरवंटा ठेवायला लावला आणि गुडघ्यांवर बसून तळव्यानं मधून कडेकडे सुरकुत्या सारायला लागली.

"एवढी मोठी कशाला? पोरगी पाच वर्षांची आहे," मी म्हणालो.

"पोरगी वाढंल. गोधडी वाढत नसते."

पोरगी म्हणजे आमची नात जान्हवी. श्रीधर, आमचा मुलगा, लुधियान्याला सायकलीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. तिथं एका खोलीचा संसार, सूनबाई प्रज्ञा शिवणाच्या कारखान्यात जाणारी, म्हणून पोर दूध सुटल्यापासून आमच्याकडं राहिली. शाळेचं वय झालं तसं दिवाळीनंतर आईबाप येऊन तिला घेऊन गेले. आणि तिकडं गेल्यापासून पोर झोपेना.

तेव्हा आमच्या घरात एकच मोबाईल. छतावर, माळदावर जाणाऱ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलं तरच त्याला आवाज यायचा. रोज संध्याकाळी मी पायरीवर, अनुसया खाली उभी.

"आबा," जान्हवी म्हणाली होती, "इथली रात्र गप्प आहे."

"म्हणजे गं?"

"म्हणजे कुणीच काही वाजवत नाही."

माझ्या लक्षात आलं. आमच्याकडं होती तोवर कीर्तन म्हटलं की पोर माझ्याबरोबर. मी टाळकरी, उभ्यानं वाजवायचं. ती माझ्या पायाशी बसायची. पूर्वरंग संपून बुवा खाली टेकले की मीही बसायचो, आणि ती मांडीत शिरून माझ्या उपरण्याचं टोक गालाखाली ओढायची. पुढं मृदंग कितीही कडाडू दे, ती ढाराढूर. लोक म्हणायचे, आबाच्या नातीला निरूपणापेक्षा झोपेचा रंग जास्त चढतो.

त्यानंतर श्रीधरनं फोन घेतला. "आबा, बाई म्हणतात वर्गात पेंगते. दिवसभर किरकिर. प्रज्ञाची रात्रपाळी, ती पण रडकुंडीला आलीय. महिनाभर बघू, नाहीतर पुन्हा तुमच्याकडंच सोडतो तिला. शाळा तिकडंच करू दे."

मी पायरीवरून उतरलो ते पाय जमिनीला न लावताच. "ऐकलंस? येतीय बघ परत!"

अनुसया चुलीपाशी गेली, भाकरी उलटली. मग म्हणाली, "प्रज्ञा काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार? रडत होती मागं."

दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंक उघडली आणि जुनी कापडं बाहेर काढली.

आमच्याकडं लेकराच्या गोधडीत घरच्याच माणसांचं कापड घालतात. विकतचं नाही, शेजारचं नाही. बुडाला आजीचं लुगडं, त्यावर आईचं पातळ, पोटात आजोबाचं धोतर, आणि वर लेकराच्याच तोकड्या झालेल्या कपड्यांची ठिगळं. कापड सुती हवं आणि वापरून वापरून मऊ झालेलं हवं. तिनं सगळं सोडा घातलेल्या गरम पाण्यात उकळून काढलं, खळ पार उतरवली, उन्हात वाळवलं. प्रज्ञाचं एक जुनं गुलाबी पातळ कपाटात राहिलं होतं, ते निघालं. जान्हवीचे फ्रॉक निघाले. माझ्या धोतराशी येऊन गाडी अडली.

"तुमचं सुती धोतर कुठाय?"

"सुती आता कुठलं? त्यांच्या तूच वाती केल्यास आणि फडकी केलीस."

खरंच होतं. श्रीधर इस्त्री लागत नाही म्हणून टेरिकॉटची धोतरं पाठवायचा. मी त्यातलं एक जुनं काढून दिलं. तिनं ते दोन बोटांत धरून चोळलं.

"हे सरकतंय."

"पांढरं ते पांढरं. आत कोण बघायला जातंय?"

"बघत कुणी नाही. अंगाला कळतं." पण दुसरं नव्हतं. आमच्या शेजारचा बिभीषण फौजी, पंजाबात नेमणुकीला होता, तो सुट्टी संपवून पुढल्या शनिवारी निघणार होता आणि लुधियान्यात गाडी बदलताना गोधडी श्रीधरच्या हातात देणार होता. तिनं धोतर अंथरलं.

मला काम होतं सुया ओवायचं. तिला लांबचं कावळ्याचं पिल्लू दिसायचं, पण सुईचं नाक दिसत नसे. मी दोरा दुहेरी करून मेणावरून ओढायचो, चार सुया ओवून उशीला टोचून ठेवायचो. सगळे थर आधी लांब लांब कच्च्या टाक्यांनी एकमेकांना धरवले. मग कडा आत दुमडून एका कोपऱ्यापासून पक्का धावदोरा. एक फेरा पूर्ण झाला की बोटभर आत सरकून दुसरा. अशी बाहेरून आत, आत आत जात गोधडी मध्यावर येऊन मिटते. बोटात अंगुस्तान घालून ती सुई दाबायची आणि तोंडानं देवाचं एकेक नाव घ्यायची, तेवढंच मला ऐकू यायचं.

पाच-सहा फेरे झाले तेव्हा तिचा हात थांबला. ती मध्यावर तळवा फिरवत राहिली.

"बघा हात लावून."

मी लावला. मधोमध फुगा आला होता. कडेनं टाका पडेल तसं ते टेरिकॉटचं धोतर आतून निसटत निसटत मध्याला गोळा झालं होतं. दाबलं की इकडचा फुगा तिकडं.

"राहू दे की. थोडं उबदारच होईल," मी म्हणालो.

"ह्याच्यावर लेकरू निजणार? पहिल्या धुण्यात ह्याचा बोळा होतोय." तिनं कात्री घेतली आणि टाका टाका उसवायला बसली. मी समोर बसून निघालेला दोरा गुंडाळत होतो. सगळं उसवून तिनं धोतर काढलं, घडी घातली, मला परत दिलं. बाकीचे थर पुन्हा नीट अंथरले. धोंडे ठेवले. आणि उठली.

"आता?"

"आता पोटाला काही नाही."

"दुसऱ्या कुणाचं मऊ धोतर आणतो मागून. बिभीषणाचा बा सुतीच नेसतो."

"बिभीषणाच्या बाचं धोतर पांघरून माझी नात का झोपंल?"

एवढं बोलून ती भांडी घासायला गेली.

घरात सुती, पांढरं, मऊ असं एक कापड होतं. मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. देवघराच्या खुंटीवर टांगलेलं माझं उपरणं. विश्वंभरबुवांचं. त्यांच्या मागं मी तरुणपणाची सगळी वर्षं टाळ धरला. शेवटच्या कीर्तनाला त्यांचा आवाज बसला, तेव्हा त्यांनी मला पुढं बोलावलं, आपल्या खांद्यावरचं उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "गजर तुम्ही उचला." त्यानंतर ते उठले नाहीत. दोन्ही अंगाला तांबड्या सुताचा बारीक काठ, आणि घडी उलगडली की बुक्क्याचा आणि कापराचा वास. कीर्तनाशिवाय मी ते खांद्यावर घेत नसे. धुवायला कुणाच्या हातात देत नसे. श्रीधर लहानपणी त्याला नाक पुसताना सापडला तेव्हा मी त्याला देवळाला पाच प्रदक्षिणा घालायला लावल्या होत्या.

अनुसयेनं ते मागितलं नाही. एकदाही नाही. सप्ताह बसला. पडवीत ती अर्धी गोधडी धोंड्यांखाली तशीच अंथरलेली, वर धुळीला म्हणून एक चादर. झाडताना ती तिच्या कडेनं झाडायची. मी देवळात जाताना कडेनं जायचो, परत येताना कडेनं यायचो. उपरणं खांद्यावर.

एकदा न राहवून मीच म्हणालो, "नाही झाली गोधडी तर काय बिघडतंय? पोरगी तर परत येणारच आहे."

ती जोंधळे निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला यायला हवीय."

"तुला नकोय?"

"मला हवीय का नको, हे कोण विचारतंय?" तिनं एक खडा काढून बाहेर भिरकावला. "श्रीधर लहान असताना तुमच्या आईनं त्याला ठेवून घेतला होता दोन वर्षं, आठवतंय? मी तालुक्याला तुमच्याबरोबर. परत आणला तेव्हा मला वहिनी म्हणायचा तो."

मला ते आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

"पोर आईजवळ झोपायला शिकली पाहिजे," ती म्हणाली आणि सूप पाखडायला लागली.

शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन होतं. बुवा तरुण होते, बार्शीकडचे, आवाज असा की देवळाच्या तुळया ऐकत राहाव्यात. काल्याला बाळकृष्णाच्या लीला सांगायच्या, सगळ्यांनी हसायचं, दहीहंडी फोडायची, असा रिवाज. बुवांनी हसवलं. पोरांना गोपाळ करून उठवलं, एकाला पेंद्या केला. मग एकाएकी आवाज खाली आणला आणि गोकुळाच्या वेशीत अक्रूराचा रथ आणून उभा केला.

"मंडळी, गोपी रथाच्या चाकाला धरून बसल्या. कुणी घोड्यापुढं आडव्या पडल्या. यशोदा कुठं होती?" बुवा थांबले. "यशोदा घरात होती. तिच्या लेकराला वाटेत भूक लागंल म्हणून लोण्याचा गोळा पानात बांधत होती. आणि गाठ घट्ट मारली माउलीनं. सैल सुटली तर वाटेत सांडंल म्हणून."

बुवांनी मागं माझ्याकडं बघितलं. गजर उचलायची खूण. मी टाळ उचलला, आणि पहिल्याच ठोक्याला दोरी तुटली. एक वाटी हातात, एक खाली फरशीवर गरगरत गेली आणि माझ्या पायाशी, जिथं जान्हवी बसायची तिथं, येऊन पडली. पोरं फिदीफिदी हसली. मी वाकून ती उचलली. मग दोन्ही वाट्या पंज्यात धरून तसाच गजर केला. आवाज बोदा यायचा, पण केला.

घरी आलो तर अनुसया माझ्या आधीच देवळातून येऊन भाकरी थापत होती. मी प्रसादाच्या लाह्या तिच्यापुढं ठेवल्या, पडवीत गेलो आणि गोधडीवरची चादर काढली. प्रज्ञाच्या गुलाबी पातळावर मी उपरणं पसरलं. चारी टोकं ओढून घेतली. मधून कडेकडे तळवा फिरवला, तिनं फिरवला होता तसा.

ती पिठाचे हात घेऊन दारात उभी होती.

"सुरकुती राहिली," ती म्हणाली. "तिकडं. डाव्या अंगाला."

मी सुरकुती काढली. ती हात धुऊन आली, गुडघ्यांवर बसली, वाकून उपरण्याला नाक लावलं.

"धुवायचं का?" तिनं विचारलं.

"नको. वास जाईल."

"थोडं लांब होतंय."

"मग तुझं तू बघ. मला नको दाखवू." कात्री लागताना मला बघवलं नसतं. मी सुया ओवायला माजघरात जाऊन बसलो.

त्यानंतर गोधडी झरझर गेली. सुताला सूत धरत होतं, मध्याला फुगा आला नाही. फेरे आत आत येत गेले. वर जान्हवीच्या फ्रॉकांची ठिगळं, त्यात एक पिवळं, त्याच्यावर बदक. शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरली तेव्हा अनुसयेनं हात थांबवला.

"पोट रिकामं ठेवून मिटू नये," ती म्हणाली. ही तिच्या आईकडची रीत. तिनं चार दाणे जोंधळ्याचे घेतले, ठिगळाखाली सारले आणि ते जागचे हलू नयेत म्हणून भोवती चार बारीक टाके घेऊन शेवटचा फेरा मिटवला. गाठ मारली. दोनदा ओढून बघितली.

शनिवारी बिभीषणानं गोधडी आपल्या वळकटीत गुंडाळली. "आजी, लई जड झालीय. काय काय भरलंय आत?"

"नीट ने," ती म्हणाली. "वाटेत पांघरू नको हां."

"थंडीनं मेलो तरी?"

"मेलास तर पांघर."

तो हसत हसत गेला. त्या संध्याकाळी खुंटीकडं हात गेला आणि रिकामा परत आला. खाली टाळ ठेवलेले होते. त्यांना नवी दोरी होती. पिळदार, हळदीत बुडवून पिवळी केलेली, हाताला मऊ.

"ही कुठून आणलीस?"

"होती एक चिंधी."

"मऊ आहे. तुटंल लवकर."

"तुटली की सांगा," ती म्हणाली.

आठवड्यानं मी जिन्याच्या पायरीवर बसलो असताना फोनवर श्रीधर नाही, प्रज्ञा आली. ती माझ्याशी फारशी बोलत नसे, लाजायची. "आबा," ती म्हणाली, "काल झोपली. आजही झोपली. गोधडीत मधोमध काहीतरी टोचतं, ते बोटानं चाचपत राहते आणि झोपते. माझ्या कुशीत झोपली, आबा." मी फोन अनुसयेच्या हातात दिला.

जान्हवी परत आली नाही. म्हणजे सुट्टीला यायची, पण पाहुणी म्हणून. मी टाळ वाजवत राहिलो. अनुसया गेली त्याला आता सहा वर्षं झाली.

परवाच्या मे महिन्यात जान्हवी आली ती गोधडी घेऊन. आता तिला लुधियान्यातच नोकरी लागलीय, उंचीनं माझ्या वर गेली. गोधडी एका अंगानं पार विरली होती, बदकाची चोच तेवढी शिल्लक.

"आजीनं फोनवर सांगितलं होतं मला, कशी दुरुस्त करायची ते," ती म्हणाली. "आधी विरलेला थर उसवायचा. आबा, तुम्ही सुया ओवा."

"मला आता दिसत नाही. तूच ओव आणि माझ्या हातात दे. मी मेण लावतो."

पडवीत बसून ती उसवत गेली. जोंधळ्याचं नुसतं पीठ झालं होतं, ते तिनं कागदात झाडून घेतलं. मग वरचा थर बाजूला केला आणि आतलं पांढरं कापड दिसलं. वास राहिला नव्हता. का राहिला होता, मला सांगता येणार नाही. मी वाकलो होतो हे खरं.

"हे कुणाचं, आबा?"

"माझं. म्हणजे विश्वंभरबुवांचं. तू ह्याच्यावर झोपायचीस."

ती त्याच्यावरून बोट फिरवत कडेला गेली. "ह्याला इकडं तांबडा काठ आहे. तिकडं नाही. तिकडचा कापलाय. बघा, लांबच्या लांब एक पट्टी काढून घेतलीय. लांबी जास्त झाली म्हणून असेल?"

"लांबी आडवी कापतात. ही उभी आहे," मी म्हणालो. "हा तर काठ आहे."

"मग कापला कशाला?"

मी उठलो. गुडघा मोडत, भिंतीला धरत देवघरात गेलो. टाळ खुंटीवर होते. दोरी इतक्या वर्षांच्या घामानं काळपट झाली होती, पण तुटली नव्हती. मी ती पडवीत आणली, उजेडाला धरली, पीळ उलटा फिरवला. जान्हवी जवळ सरकली. पिळाच्या पोटातून, जिथं हळद पोचली नव्हती, तिथून तांबडं सूत निघालं.

तिनं ते उपरण्याच्या काठाशी नेऊन धरलं. तेच होतं.

तिनं डोळे पुसले, सुई उचलली. "आबा, ही पट्टी परत जोडायची का इथं? जागा रिकामी दिसतीय."

मी पीळ पुन्हा घट्ट केला.

"रिकामी नाही ती," मी म्हणालो. "संध्याकाळी कीर्तन आहे. तेवढी कड मिटव आणि चल माझ्याबरोबर. ऐकवतो तुला."